मंजूर पाच लाख, खात्यात चार लाख अठ्ठ्याऐंशी हजार

पुण्यातल्या एका नोकरदाराने घराच्या दुरुस्तीसाठी पाच लाखांचे वैयक्तिक कर्ज काढले असे धरू. दर १२ टक्के, मुदत ३६ महिने. मंजुरीपत्रावर ५,००,००० हा आकडा ठळक छापलेला आहे. कर्ज वितरित झाल्याचा मेसेज येतो, तेव्हा खात्यात मात्र ४,८८,२०० रुपये जमा झालेले दिसतात. मधले ११,८०० रुपये प्रोसेसिंग फीचे. कर्जाच्या दोन टक्के म्हणजे १०,००० रुपये फी आणि तिच्यावर १८ टक्क्यांनी १,८०० रुपये जीएसटी. ही रक्कम वेगळी मागितली जात नाही, वितरणाच्या वेळीच वळती करून घेतली जाते. खिशातून काही गेले असे वाटत नसल्याने बहुतेक जण तिचा पुढे विचारही करत नाहीत.

हप्ता ठरतो तो मात्र पूर्ण पाच लाखांवर. १२ टक्क्यांनी ३६ महिन्यांचा हप्ता १६,६०७ रुपये येतो. म्हणजे कर्जदार वापरतो ४,८८,२०० रुपये आणि व्याज भरतो ५,००,००० वर. जे पैसे त्याच्या हातात एक दिवसही नव्हते, त्यांचेही तीन वर्षे व्याज. या व्यवहाराचा खरा दर किती, या प्रश्नाचे उत्तर मंजुरीपत्रातल्या १२ या आकड्यात नाही.

पहिला अंदाज बहुतेक जण असा बांधतात: फी जीएसटीसह २.३६ टक्के, मुदत तीन वर्षे, म्हणजे वर्षाला ०.७९ टक्के. बारात मिळवले की १२.७९. हिशोब सरळ वाटतो, पण चुकीचा आहे. खरा दर १३.६७ टक्के निघतो. अंदाजातली वाढ ०.७९ ची होती, प्रत्यक्षातली १.६७ ची, म्हणजे दुपटीहूनही जास्त.

हा फरक कुठून येतो हे नीट समजून घ्यायला हवे, कारण सगळ्या विषयाची किल्ली तिथेच आहे. हप्त्याच्या कर्जात पूर्ण रक्कम तीन वर्षे कर्जदाराकडे राहत नाही. पहिल्या महिन्यापासून मुद्दल फिटू लागते, आणि तीन वर्षांची सरासरी काढली तर कर्जदाराच्या हातात मूळ रकमेच्या निम्म्याहून थोडीच जास्त रक्कम असते. फी मात्र पूर्ण रकमेवर कापलेली असते, तीही पहिल्याच दिवशी. निम्म्या पैशांच्या वापरावर पूर्ण पैशांची फी पडली, की तिचा वार्षिक भार जवळपास दुप्पट होतो. यावरून तोंडी हिशोबाची एक सोय मिळते: फीची टक्केवारी दुप्पट करून मुदतीच्या वर्षांनी भागायची. इथे २.३६ ची दुप्पट ४.७२, भागिले तीन, म्हणजे १.५७. खऱ्या १.६७ च्या हे बरेच जवळ आहे. बँकेच्या काउंटरवर उभे असताना एवढा अंदाज पुरतो. सही करण्याआधी मात्र नेमका आकडा काढावा, आणि त्याला दोन मिनिटे लागतात.

एक्सेल, गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस या तिन्हींमध्ये त्यासाठी RATE नावाचे फंक्शन आहे. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: हप्ते किती, प्रत्येक हप्ता किती रुपयांचा आणि सुरुवातीला हातात किती रक्कम आली.

```
=RATE(36,-16607,488200)*12
```

तिसऱ्या जागी ५,००,००० न लिहिता ४,८८,२०० लिहायचे. सगळी मेख तिथेच आहे. पाच लाख लिहिले तर उत्तर १२ टक्केच येणार, कारण हप्ता त्याच दराने काढलेला आहे. प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम लिहिली की १३.६७ टक्के येतात.

RATE आत काय करते हेही पाहण्यासारखे आहे. हप्त्यावरून दर थेट काढून देणारे सरळ सूत्र गणितात नाही, म्हणून संगणक अंदाज घेत घेत उत्तराकडे जातो. एक दर धरून बघतो, त्या दराने ३६ हप्त्यांत कर्ज बरोबर शून्यावर येते का ते तपासतो, येत नसेल तर दर थोडा बदलून पुन्हा बघतो. आपल्या उदाहरणात तो महिन्याला १.१३९ टक्क्यांवर येऊन थांबतो. हे हाताने पडताळता येते. ४,८८,२०० वर १.१३९ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचे व्याज होते ५,५६१ रुपये. बँकेच्या परतफेड तक्त्यात मात्र पहिल्या महिन्याचे व्याज ५,००० रुपये छापलेले असते, कारण बँकेच्या वहीत कर्ज पाच लाखांचे आहे आणि दर महिना एक टक्का. दोन्ही तक्ते ३६ हप्त्यांनंतर शून्यावरच येतात. एक बँकेच्या वहीचा, दुसरा कर्जदाराच्या खिशाचा.

फंक्शन सोपे असले तरी त्यात अडखळण्याच्या काही जागा आहेत. हप्ता आणि रक्कम दोन्ही अधिक चिन्हाने लिहिले तर एक्सेलमध्ये उत्तराऐवजी #NUM! दिसते. पैसे येणे आणि जाणे यांची चिन्हे विरुद्ध हवीत, म्हणून हप्त्याआधी उणे. दुसरी चूक बाराने गुणायला विसरण्याची. हप्ते महिन्याचे असतील तर RATE महिन्याचा दर देते, वर्षाचा नाही. तिसरी गंमत जास्त फसवी आहे. बाराने गुणण्याआधीचे उत्तर वेगळ्या चौकटीत ठेवले, तर एक्सेल ते बहुतेक वेळा दशांशाशिवाय दाखवते. महिन्याचा १.१३९ टक्के दर पडद्यावर नुसता १% दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, दर तर बाराच आहे, फीने काही फरक पडलेला नाही. चौकटीत दशांशाची दोन-तीन स्थळे वाढवली की खरे दिसते.

आता या आकड्याचा उपयोग. समजा त्याच नोकरदाराला दुसऱ्या बँकेने १३ टक्क्यांचा प्रस्ताव दिला आहे आणि त्यात प्रोसेसिंग फी अजिबात नाही. जाहिरातीत १२ समोर १३ ठेवले, तर बारा स्वस्त वाटतो. हप्तेही तसेच सांगतात: १२ टक्क्यांचा हप्ता १६,६०७ रुपये, १३ टक्क्यांचा १६,८४७. महिन्याला २४० रुपयांचा फरक पाहून पहिल्या बँकेत सही होते. पण ३६ महिन्यांत या फरकाचे होतात सुमारे ८,६३० रुपये, आणि फी होती ११,८०० ची. शिवाय फी आज जाते, हप्त्यांतली बचत तीन वर्षे थोडी थोडी मिळत राहते.

गरज नेमकी पाच लाखांचीच असेल तर चित्र आणखी स्पष्ट होते. सुताराला, रंगाऱ्याला, टाइल्सच्या दुकानदाराला मिळून पाच लाख द्यायचे आहेत. पहिल्या बँकेकडून फी कापून पाच लाख हातात यायला हवे असतील, तर कर्ज काढावे लागेल ५,१२,०८५ रुपयांचे. त्याचा हप्ता येतो १७,००९. म्हणजे हातात सारखीच रक्कम येणार असेल, तर १२ टक्केवाल्या बँकेचा हप्ता १३ टक्केवाल्या बँकेपेक्षा महिन्याला १६२ रुपयांनी जास्त आहे. RATE ने दिलेले १३.६७ आणि १३ हे आकडे हेच सांगत होते. दोन कर्जांची तुलना करताना मंजूर रक्कम सारखी धरणे ही सर्वांत मोठी चूक. सारखी धरायची ती हातात येणारी रक्कम.

मुदत बदलली की तीच फी वेगळ्या वजनाची होते. दर १२ टक्के, फी जीएसटीसह तीच २.३६ टक्के, पण कर्ज पाच वर्षांचे असेल तर खरा दर १३.०६ येतो. तीन वर्षांना १३.६७. एका वर्षाचे कर्ज असेल तर तोच आकडा १६.५६ वर जातो. फी एकदाच कापली जाते. मुदत जितकी लहान, तितके ती वसूल होण्याचे महिने कमी.

मोबाइलवरून मिळणाऱ्या छोट्या कर्जांत हा परिणाम सगळ्यात तीव्र असतो. दहा हजार रुपये, तीन मासिक हप्ते, दर २४ टक्के, फी तीन टक्के अधिक जीएसटी, असे कर्ज घेऊ. फी ३५४ रुपये, खात्यात येतात ९,६४६. हप्ता ३,४६७.५५. साडेतीनशे रुपयांकडे कोण बघतो? पण सूत्र हे सांगते:

```
=RATE(3,-3467.55,9646)*12
```

उत्तर ४६.४८ टक्के. छापलेला दर २४, लागलेला दर त्याच्या जवळपास दुप्पट. इथे फी जवळपास व्याजाइतकीच मोठी भूमिका बजावते, आणि नेमकी तीच 'फक्त ३५४ रुपये' म्हणून दुर्लक्षित राहते. असे कर्ज फिटले की पुन्हा घेतले, तर प्रत्येक वेळी नवी फी. वर्षात चार वेळा घेणाऱ्याने फीच चार वेळा भरलेली असते. रुपयांतला आकडा लहान राहतो हे खरे, आणि अडीनडीला एखादेच कर्ज घेणाऱ्याला तो परवडेलही. सवय झाली की परवडत नाही.

कर्जाचा खरा दर ग्राहकाला सांगितलाच पाहिजे, असा कायदा अमेरिकेने १९६८ मध्येच केला. त्या कायद्यात आधी कापून घेतलेले शुल्क कर्जाच्या रकमेतून वजा करून मगच दर काढायचा, असे ठरले. भारतात ही शिस्त टप्प्याटप्प्याने आली. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सूक्ष्म कर्जांसाठी आणि डिजिटल कर्जांसाठी असे तपशील देणे बंधनकारक केले. मग १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने व्यक्तींची कर्जे आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची मुदतकर्जे यांच्यासाठी एकच नमुना ठरवून दिला. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा प्रत्येक नव्या कर्जासोबत तो द्यावा लागतो. बँकेत त्याला केएफएस म्हणतात. त्यात एपीआर म्हणून जो वार्षिक दर छापलेला असतो, तो हातात पडणाऱ्या निव्वळ रकमेवर, घटत्या शिल्लकीच्या पद्धतीने काढायचा असतो. म्हणजे RATE जे करते तेच. क्रेडिट कार्डावरची थकबाकी या नियमातून वगळलेली आहे.

परिपत्रकासोबत रिझर्व्ह बँकेने एक नमुना हिशोबही जोडला आहे, आणि सराव म्हणून तो स्वतः करून पाहण्यासारखा आहे. कर्ज २०,००० रुपये, २४ हप्ते, दर १५ टक्के, हप्ता ९७०. शुल्क एकूण ४००, त्यात स्वतः बँकेचे १६० आणि बँकेमार्फत तिसऱ्या पक्षाला जाणारे २४०. निव्वळ रक्कम १९,६००. एपीआर दिला आहे १७.०७ टक्के. मात्र RATE मध्ये ९७० टाकून पाहणाऱ्याला १७.१० मिळेल आणि तो बुचकळ्यात पडेल. कारण साधे आहे. अचूक हप्ता ९६९.७३ चा आहे आणि छापताना तो पूर्णांकात आणला आहे. हप्त्याच्या जागी PMT फंक्शन ठेवले की उत्तर जुळते:

```
=RATE(24,PMT(15%/12,24,20000),19600)*12
```

केएफएसशी स्वतःचा हिशोब ताडताना दशांशाच्या दुसऱ्या स्थळी असा फरक दिसला तर घाबरायचे कारण नाही. अर्धा-एक टक्क्याचा फरक असेल, तर मात्र कुठली तरी वजावट सुटलेली आहे, मग ती आपल्याकडून असो वा बँकेकडून.

बहुतेक वेळा सुटते ती विम्याची रक्कम. कर्जासोबत कर्जदाराच्या आयुष्याचा विमा जोडून दिला जातो आणि त्याचा हप्ताही वितरणातूनच कापला जातो. आपल्या पाच लाखांच्या उदाहरणात आणखी १२,००० रुपये विम्यापोटी गेले, तर हातात ४,७६,२०० येतात आणि दर १५.४३ वर पोचतो. बँकेमार्फत वसूल होणारी तिसऱ्या पक्षाची रक्कमही एपीआरमध्ये धरायची आणि तिची पावती कर्जदाराला द्यायची, असे परिपत्रक सांगते. विमा उपयोगाचा असू शकतो आणि त्याचे संरक्षण कर्जदाराच्या कुटुंबालाच मिळते, म्हणून त्याला सरळ व्याज म्हणणे अन्यायाचे होईल. योग्य रीत अशी की दर दोनदा काढावा, एकदा विम्यासह आणि एकदा विम्याशिवाय, आणि तेवढेच संरक्षण बाहेर कितीला मिळते ते विचारावे. केएफएसमध्ये ज्या शुल्काचा उल्लेखच नाही, ते कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय कोणत्याही टप्प्यावर आकारता येत नाही, हेही त्याच परिपत्रकात आहे. मुदत सात दिवस किंवा त्याहून जास्त असलेल्या कर्जाचा केएफएस हातात आल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळायला हवेत. तेवढ्या वेळात शीटवरची एक ओळ सहज लिहून होते.

एपीआर छापला गेला म्हणजे काम संपले असे मात्र नाही. तो आकडा कर्ज ठरलेल्या शेवटच्या हप्त्यापर्यंत चालेल असे धरून काढलेला असतो. वैयक्तिक कर्ज घेणारे अनेक जण बोनस मिळाला, जमीन विकली, पीएफ मिळाला की कर्ज आधीच बंद करतात. तेव्हा फीचे काय होते?

पाच लाखांचे तेच कर्ज बारा हप्ते भरून बंद केले असे धरू. बारा हप्त्यांनंतर बँकेच्या वहीत शिल्लक असते ३,५२,७९२ रुपये. RATE मध्ये चौथी जागा शेवटी द्यायच्या किंवा मिळायच्या रकमेची असते. शिल्लक आपल्याला भरायची आहे, म्हणून तीही उणे:

```
=RATE(12,-16607,488200,-352792)*12
```

दर येतो १४.९३ टक्के. ज्या फीचा भार तीन वर्षांत वाटला जाणार होता, तो आता एकाच वर्षावर आला. यात बँकेने नवे काही घेतलेले नाही, फी परत मिळत नाही एवढेच. आता मुदतपूर्व फेडीचे शुल्क चार टक्के अधिक जीएसटी असेल, तर शिल्लकेवर ४.७२ टक्के म्हणजे १६,६५२ रुपये आणखी भरावे लागतात. चौथ्या जागी -369444 लिहिले की दर येतो १८.४९ टक्के. बारा टक्क्यांचे कर्ज, एका वर्षात प्रामाणिकपणे फेडून टाकले, आणि साडेअठरा टक्के पडले.

व्याज वाचवण्यासाठी म्हणून कर्ज लवकर बंद करणाऱ्याला हा आकडा धक्का देणारा आहे. तो नीट वाचायला मात्र हवा. आधीच भरलेली फी आता कुठल्याही मार्गाने परत येणार नाही. पुढचा निर्णय घेताना तिचा विचार सोडून द्यावा आणि फक्त इथून पुढचे पाहावे. चोवीस हप्ते बाकी आहेत, ते भरत राहिले तर पुढे सुमारे ४५,८०० रुपये व्याज जाईल. आज बंद केले तर १६,६५२ रुपये शुल्क जाईल. पैसे बँकेच्या बचत खात्यात नुसते पडून राहणार असतील, तर शुल्क भरून कर्ज बंद करण्यातच फायदा. १८.४९ हा आकडा कर्ज बंद करावे की नाही हे सांगत नाही. तो सांगतो की कर्ज वर्षभरात फिटणार हे आधीच ठाऊक असेल, तर असे कर्ज घेऊच नये, फी नसलेले किंवा मुदतपूर्व शुल्क नसलेले कर्ज थोड्या जास्त दराने घ्यावे.

असे शुल्क केएफएसमध्ये प्रसंगानुसार लागणारे शुल्क म्हणून वेगळे लिहिलेले असते, एपीआरमध्ये मिसळलेले नसते. म्हणून कागदावर ते रकाने शोधून वाचावे लागतात. बदलत्या दराच्या कर्जांबाबत एक मोठा दिलासा आला आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या अशा कर्जांवर, ती व्यक्तींनी व्यवसायाव्यतिरिक्त कामासाठी घेतली असतील तर, मुदतपूर्व फेडीचे शुल्क लावायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. गृहकर्ज बहुतेक बदलत्या दराचे असते, त्याला याचा फायदा मिळतो. वैयक्तिक कर्ज मात्र सहसा स्थिर दराचे असते, त्यामुळे त्याच्या कागदपत्रांतला तो रकाना अजूनही महत्त्वाचा आहे.

दरांची तुलना करताना आणखी एक घोटाळा हमखास होतो. कर्ज महिन्याच्या मध्याला वितरित झाले आणि हप्ता पाच तारखेला असला, तर मधल्या दिवसांचे व्याज वेगळे कापले जाते आणि तारखा सारख्या अंतरावर राहत नाहीत. अशा वेळी जाणकार XIRR वापरतात, त्यात प्रत्येक रकमेसमोर तिची तारीख लिहिता येते. मात्र XIRR जो दर देते त्यात महिन्याच्या व्याजावरचे व्याजही धरलेले असते. पाच लाखांचे आपले कर्ज RATE ने १३.६७ येते, XIRR ने साधारण १४.५६. दोन्ही बरोबर आहेत, मोजण्याच्या रीती वेगळ्या आहेत. एका बँकेचे कर्ज RATE ने आणि दुसरीचे XIRR ने मोजून तुलना केली, तर स्वस्त कर्ज महाग ठरू शकते. बँकेचा छापील एपीआर ताडायला RATE गुणिले बारा हीच रीत योग्य.

महाराष्ट्रात आणखी एक वजावट चांगलीच ओळखीची आहे, आणि ती फी नसल्याने तिचा हिशोब वेगळा लागतो. नागरी सहकारी बँकेतून किंवा पतसंस्थेतून कर्ज घेणाऱ्याला सभासद व्हावे लागते आणि कर्जाच्या प्रमाणात भाग घ्यावे लागतात. नागरी सहकारी बँकांत विनातारण कर्जाला पाच टक्के आणि तारणी कर्जाला अडीच टक्के असे हे प्रमाण चालत आले आहे. भांडवल पुरेसे असलेल्या बँकांना त्यात सूट मिळते. भागांची रक्कमही बहुधा कर्जातूनच वळती होते. मात्र हे पैसे कर्जदाराच्याच नावावर राहतात, त्यांवर लाभांश मिळू शकतो आणि सभासदत्व सोडल्यावर ते परत मागता येतात.

दोन लाखांचे विनातारण कर्ज घेऊ, १३ टक्के दराने तीन वर्षांचे. हप्ता ६,७३९ रुपयांच्या जवळ. भागांपोटी १०,००० वळते झाले, हातात आले १,९०,०००. कर्ज फिटल्यावर भाग परत मिळाले, तर शेवटी १०,००० कर्जदाराकडे येतात, म्हणून या वेळी चौथ्या जागी अधिक चिन्ह:

```
=RATE(36,-6738.79,190000,10000)*12
```

दर १४.२२ टक्के. मधल्या काळात लाभांश मिळाला, तर भार आणखी हलका होतो. पण पोटनियमांप्रमाणे भाग परत करायला वर्षाची मर्यादा असेल, संस्थेने परतावा रोखून धरला असेल, किंवा सभासदाने अर्जच केला नसेल आणि ते दहा हजार कायमचे अडकले, तर चौथी जागा रिकामी ठेवावी लागते. तेव्हा तोच दर १६.६३ वर जातो. १४.२२ आणि १६.६३ यांच्यामधले जवळपास अडीच टक्के कर्ज फिटल्यानंतर भाग परत मिळतात की नाही यावर अवलंबून असतात. त्यामुळे सहकारी संस्थेतून कर्ज घेताना व्याजदराइतकेच महत्त्वाचे प्रश्न असे: भाग परत मागायचा अर्ज कधी करता येतो, संस्थेने मागच्या काही वर्षांत किती लाभांश दिला, आणि परताव्याचे पैसे सभासदांना प्रत्यक्षात किती दिवसांनी मिळतात. पहिल्या दोन गोष्टी पोटनियमांत आणि वार्षिक अहवालात छापलेल्या असतात. तिसरी संस्थेच्या जुन्या सभासदांना विचारावी लागते.